रिपेअरचं बटण दाबलं आणि दीपस्तंभाचे ५६ कोनाडे बुजले

प्रश्न: एसटीएल स्लायसरमध्ये टाकली की नॉन-मॅनिफोल्ड एजेसची वॉर्निंग येते. रिपेअर केलं की वॉर्निंग जाते पण प्रिंटमध्ये पातळ भाग गायब होतात. ब्लेंडरमध्ये नेमकं काय करू? नोझल ०.४ आहे.

उत्तर:

रिपेअर दाबूच नका. आधी कुठली कड का बिघडलीय ते बघा. हे इतकं ठासून सांगतोय कारण याच बटणावरून माझा आणि माझ्या मावसभावाचा वाद दर चवथीला होतो आणि तो अजून म्हणतो की मॉडेल करणं आपलं काम, दुरुस्ती स्लायसरची.

झालं असं की मखरात ठेवायला मी आमच्या फोंड्याकडच्या देवळासारखा दीपस्तंभ केला होता, सात मजले, अष्टकोनी, प्रत्येक बाजूला दिव्याचा कोनाडा, वर छत्री. मापं खऱ्या स्तंभाची, १०.५ मीटर उंच, प्रिंट करायचा २१० मिलिमीटर, म्हणजे १:५०. वॉर्निंग आली, दादा म्हणाला "अरे रिपेअर दाब, झालं." दाबलं, सगळं हिरवं झालं, रात्रभर प्रिंट चालला. सकाळी बघतो तर एकही कोनाडा नाही, छत्री नाही, कठडे नाहीत. दीपस्तंभ कसला, नुसता खांब. चवथ दोन दिवसांवर आणि आई विचारतेय दिवे कुठे लावायचे.

कारण मी नंतर शोधलं. एडिट मोडमध्ये व्हर्टेक्स किंवा एज सिलेक्ट ठेवून `Select > All by Trait > Non Manifold` केलं (फेस सिलेक्टमध्ये हे चालत नाही) तर तीन वेगवेगळे घोळ निघाले, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिला, मजल्यांच्या सांध्यात आत एकेक फेस राहून गेला होता, मजल्यावर मजला चढवताना राहतो तसा. तिथे एका कडेला तीन फेस भेटतात, हवेत दोनच. सहा सांधे गुणिले आठ, ४८ कडा. `Interior Faces` सिलेक्ट करून फक्त फेस डिलीट केले, संपलं.

दुसरा घोळ कोनाड्यांचा, आणि खरी चूक माझी इथेच होती. मी कोनाडा म्हणून भिंतीचा फेस नुसता उडवला होता. मला तो कोनाडा, पण स्लायसरला ते भोक, आणि भोक दिसलं की रिपेअर ते सपाट बुजवणार, त्याला बिचाऱ्याला दिव्याचं काय माहीत! त्या उघड्या कडा मी आत एक्स्ट्रूड केल्या, खऱ्या मापात १५० मिलिमीटर म्हणजे प्रिंटमध्ये ३, आणि मागे `F` दाबून फेस भरला. आता कोनाडा म्हणजे खळगा झाला आणि कवच बंद राहिलं. आतून पोकळ ठेवायची गरज नाही, इन्फिल स्लायसर घालतो.

तिसरी छत्री, तिला जाडीच नव्हती, कागदासारखा एकच पापुद्रा. जाडी किती हवी हे कुठलंही बटण ठरवू शकत नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

कठड्यांना मात्र वॉर्निंग नव्हतीच. ते नीट बंद होते, पण खरी जाडी १५ मिलिमीटर, ५० ने भागा, ०.३. नोझल ०.४ ची, रेघ साधारण ०.४५ ची, त्यात ०.३ ची भिंत कशी बसणार? म्हणून आधी प्रिंटचं माप ठरवा, मग जाडी. दोन रेघा म्हणजे ०.९, गुणिले ५० म्हणजे ४५. मी सरळ ५० धरले. कठडे त्या मापाला जाड केले, छत्रीला `Solidify` लावलं, `Even Thickness` चालू ठेवून. त्याआधी ऑब्जेक्ट मोडमध्ये `Ctrl+A` करून `Scale` अप्लाय करा, नाहीतर जाडी भलतीच येते.

मग एक्सपोर्ट केलं आणि स्लायसरच्या प्रिव्ह्यूत लेयर एकेक सरकवून बघितलं. हे दहा मिनिटांचं काम आहे, मी आधी केलं असतं तर ती रात्र वाया गेली नसती. दुसऱ्या प्रिंटला ५६ च्या ५६ कोनाडे आले, मोजले मी दादासमोर.

हां, आणि एक, नव्या स्लायसरमध्ये `Arachne` असेल तर ०.३ ची भिंतसुद्धा एका रेघेत येऊ शकते, पण प्रिंट बेडवरून काढताना मोडते. आणि `Remesh` मारून सगळं एकदम बंद करता येतं हे खरं, पण अष्टकोनाच्या धारा बोथट होतात, मूर्तीबिर्ती असेल तर चालेल. नुसते एकावर एक आलेले डबल व्हर्टेक्स असतील तर मात्र एवढं काही नको, `Merge by Distance` पुरतं.