काळ्या मातीवर घर : राफ्टसाठी एफडी मोडायची का?

प्रश्न : परभणीजवळ आमचा प्लॉट आहे. ३० बाय ३६ फुटांचं, तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. गृहकर्ज ३० लाख मंजूर होतंय, स्वतःचे १२ लाख आहेत. त्यातली ६ लाखांची एफडी अडीनडीसाठी ठेवलीय. सहा फूट खोदलं तरी काळीच माती लागली. शेजारच्या बोअरला ८-९ फुटांवर मुरूम लागला होता म्हणतात. ठेकेदाराचे पायाचे दर असे : प्रत्येक कॉलमखाली वेगवेगळी फुटिंग ८ फूट खोल नेऊन ३.७ लाख, कॉलमच्या ओळीखाली सलग पट्टी फुटिंग ५ लाख, अख्ख्या घराखाली एकच काँक्रीटचा स्लॅब म्हणजे राफ्ट ८.२ लाख. तो म्हणतो, "माती कच्ची आहे, राफ्टच घ्या, निवांत झोपाल." एफडी मोडू का?

उत्तर :

नमस्कार. एफडी आत्ता मोडू नका आणि राफ्टला होकारही देऊ नका. आधी मातीची तपासणी करून घ्या. ८ ते १० फुटांच्या आत मुरूम सगळीकडे लागत असेल, तर तुमच्या घराला वेगवेगळी फुटिंग नुसती स्वस्त पडत नाहीत, ती राफ्टपेक्षा चांगलीही ठरतात.

"माती कच्ची आहे" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या जातात. एक, माती वजन कमी पेलते आणि त्यामुळे घर खचतं. दुसरी, माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि त्यामुळे घर वरखाली होतं. राफ्ट पहिल्या तक्रारीवरचं औषध आहे. परभणीकडच्या काळ्या मातीची मुख्य तक्रार बहुधा दुसरी असते. उन्हाळ्यात तुमच्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर तोच याचा पुरावा समजा.

आधी वजनाचं गणित पाहू. तुमच्या नकाशाच्या घराचं एकूण वजन अंदाजे ३०० टन धरा आणि कॉलम १२. मधल्या दोन कॉलमवर प्रत्येकी ४५ टनांच्या आसपास, कडेच्या सहांवर २७ आणि कोपऱ्याच्या चारांवर १४ टन येतात. अचूक आकडे तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर देईल, पण निर्णयाची दिशा ठरवायला एवढे पुरतात. काळी माती सुरक्षितपणे चौरस मीटरला ६ टन पेलते असं धरलं, तर फुटिंगच्या स्वतःच्या वजनासह मधल्या कॉलमला सव्वाआठ चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ फूट बाय साडेनऊ फुटांचं फुटिंग लागतं. कॉलममधलं अंतर १२ फूट, त्यामुळे दोन फुटिंगमध्ये जेमतेम अडीच फूट उरतात. सगळी फुटिंग मिळून घराच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापतात. असं झालं की इंजिनिअर सहसा राफ्टचा विचार सुरू करतात. ठेकेदाराचं म्हणणं इथवर बरोबर आहे.

हेच फुटिंग मुरुमावर टेकवलं तर? मुरूम चौरस मीटरला २० टन पेलतो असं धरा. तोच कॉलम आता सव्वापाच फूट बाय सव्वापाच फुटांच्या फुटिंगवर उभा राहतो. सगळी फुटिंग मिळून जेमतेम १७ चौरस मीटर जागा लागते. खोदाई वाढते, पण काँक्रीट आणि सळई कितीतरी कमी लागते.

आता फुगण्याकडे या, कारण राफ्टचे पैसे इथेच फुकट जाण्याची भीती आहे. राफ्ट कडेने दोन-दोन फूट बाहेर काढला तर तो सुमारे १२५ चौरस मीटरचा होईल. त्याचं स्वतःचं वजन धरूनही मातीवर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपासच दाब येतो. काळी माती पाणी पिऊन फुगताना वर जो रेटा देते, तो याहून बराच जास्त असू शकतो. दुमजली घर त्या रेट्यापुढे हलकंच. पावसाळ्यात कडेची माती आधी भिजते आणि राफ्टच्या कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडेची माती वाळून खाली बसते, पण मधली ओल घराखाली कोंडलेली राहते, म्हणून मधला भाग वर तसाच राहतो. राफ्ट अख्खा एकसारखा हलला तर भिंतींना इजा नसते. तो वाकला की भिंती फुटतात. हे वाकणं थांबवायला खोल बीम असलेला कडक राफ्ट आणि त्याखाली न फुगणाऱ्या मुरुमाचा जाड थर लागतो. तुमच्या ८.२ लाखांत त्या दोन्ही गोष्टी आहेत का, हे ठेकेदाराला लेखी विचारा.

मुरुमापर्यंत नेलेलं फुटिंग मात्र फुगणाऱ्या थराच्या खाली बसतं. वरची माती हलली तरी फुटिंगखालचा थर जागच्या जागी राहतो.

पट्टी फुटिंगची जागा कुठे? कॉलमच्या तीन ओळींखाली बीमसकट पट्ट्या टाकल्या, मधली सव्वासात फूट आणि कडेच्या चार-सव्वाचार फूट रुंद, तर ६ टनांच्या मातीवरही वजन बसतं. काँक्रीट राफ्टच्या निम्म्याच्या आसपास लागतं. म्हणजे माती नुसती नरम असेल, फुगणारी नसेल, तर राफ्टच्या आधी पट्टीचा विचार व्हायला हवा. फुगणाऱ्या मातीत चार फुटांवर टाकलेली पट्टी मात्र मी घेऊ देणार नाही. ती पूर्ण लांबीभर हलत्या मातीवर बसते, आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. उन्हाळ्यात त्या रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. घर नुसतं खचत असेल तर भेगा अशा मिटत नाहीत. फरक ओळखायची ही सोपी खूण आहे.

राफ्टचा खर्च योग्य ठरतो तो नाला किंवा खदान बुजवलेल्या प्लॉटवर, जिथे भराव खोल आणि असमान असतो, किंवा १०-१२ फुटांपर्यंत कठीण थरच लागत नाही आणि माती मऊ पण न फुगणारी असते तिथे. माती फुगणारी आणि मुरूमही खोल, अशी स्थिती निघाली तर अंडर-रीम पाईल हा चौथा पर्याय इंजिनिअरला विचारा. हे पाईल साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातात आणि खाली गड्ड्यासारखे फुगीर असतात.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर आणि मध्यभागी जेसीबीने १० फूट खोल खड्डे घ्या आणि नमुने प्रयोगशाळेत द्या. अहवालात मातीची धारणक्षमता, फ्री स्वेल इंडेक्स आणि मुरुमाची खोली, तिन्ही हवेत. फ्री स्वेल म्हणजे तीच माती पाण्यात आणि केरोसीनमध्ये २४ तास ठेवून पाण्यातली किती टक्के जास्त फुगली ते. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की फुगण्याचा बंदोबस्त हवाच. या सगळ्यासाठी २० ते २५ हजार बाजूला ठेवा. साडेचार लाखांच्या निर्णयासाठी हा खर्च जास्त नाही.

मुरूम ८ फुटांऐवजी ९ किंवा १० फुटांवर निघाला तर घाबरू नका. बाराही खड्ड्यांचं एकेक फूट वाढलं की खोदाई, कॉलमची जास्तीची लांबी आणि भराव मिळून १८ ते २० हजार वाढतात. दोन फूट वाढले तरी ४० हजार. राफ्टच्या फरकापासून तुम्ही खूप लांब आहात. मात्र १० फुटांच्या खाली हे गणित मोडतं. काळ्या मातीच्या उभ्या कडा ढासळतात, माणूस खड्ड्यात असताना ढासळल्या तर जीव जातो. पाच फुटांच्या खाली कडा उतरत्या कापायला लावा किंवा आधार द्यायला लावा. काम एप्रिल-मे महिन्यांत उरका.

तुमच्या ३.७ लाखांत सहसा न धरलेल्या दोन गोष्टी आहेत. खड्डे त्याच काळ्या मातीने न बुजवता मुरुमाने भरायचे. सुमारे २८ ब्रास लागेल. दर ठरवताना हे आत आहे का पाहा. दुसरं, घराभोवती पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेलं काँक्रीटचं ॲप्रन. त्याला ५० हजारांच्या आसपास धरा. आणि एक फुकटची गोष्ट : प्लिंथ बीम मातीवर टेकवून ओतू देऊ नका. खाली तीन-चार इंच पोकळी ठेवायला लावा. नाहीतर फुटिंग मुरुमावर घट्ट बसलेलं असताना फुगलेली माती बीमलाच वर ढकलते, आणि भेगा पडतातच.

आता कर्जाकडे. राफ्टचे जास्तीचे ४.५ लाख कर्जात टाकले तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी दरमहा सुमारे ३,९०० रुपये हप्ता वाढतो आणि एकूण ९.३७ लाख फेडावे लागतात. ते कर्जात टाकायचं ठरवलं तरी अडचण वेगळीच आहे. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं, आणि त्यातला पहिला टप्पा बहुतेक बँका प्लिंथ पूर्ण झाल्यावर, आधी तुमचे पैसे घालून झाल्यावर देतात. म्हणजे पाया, मग तो कोणताही असो, तुमच्या १२ लाखांतूनच जाणार. राफ्ट घेतला तर हातात ४ लाखही उरत नाहीत आणि एफडी मोडावी लागते. फुटिंगचा पर्याय भराव, ॲप्रन, तपासणी आणि जास्तीच्या खोलीसाठी ठेवलेल्या ४० हजारांसह पाच-साडेपाच लाखांत बसतो. एफडीला हातही लागत नाही. पहिला टप्पा कधी आणि किती मिळेल, हे बँकेकडून लेखी घ्या. तेवढ्यात पैशांची ओढ झालीच, तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं आणि वापरलेल्या रकमेवरच लागतं. पायासाठी वैयक्तिक कर्ज मात्र घेऊ नका.

तपासणीत राफ्टच घ्यावा असं निघालं, तर पैसे पुढे ढकलता येणाऱ्या कामांतून काढा. फॉल्स सीलिंग, कंपाउंडची भिंत आणि भारी टाइल्स दोन वर्षांनी होतील. पाया नंतर बदलता येत नाही. इंजिनिअरचं सुधारित एस्टिमेट कर्जमंजुरीच्या आधी बँकेत द्या.

ठेकेदाराशी पायाचा करार एकरकमी करू नका. ८ फुटांपर्यंतची रक्कम ठरवा आणि त्याखाली प्रत्येक फुटाचा दर लिहून घ्या. प्रत्येक खड्ड्याचा तळ इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, ओतायचं नाही, असंही त्यात घाला. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अकरा फुटिंग मुरुमावर आणि बारावं काळ्या मातीवर बसल्यावर. मुरुमाची पातळी एखाद्या कोपऱ्यात दोन फूट खाली गेलेली असते, ठेकेदार "इथेही तसंच आहे" म्हणून थांबतो, आणि घर त्याच कोपऱ्यात फाटतं. तळाला पहार मारून बघा : मुरुमात ती ठणकते, काळ्या मातीत रुतते. खड्डा खोदल्याच्या दिवशीच पीसीसी घाला. रात्रीत पाऊस येऊन तळ भिजला, तर वरचा मऊ थर खरवडून काढून मगच पुढचं काम होऊ द्या.