बियाण्याचे पैसे खात्यातून गेले, दुकानदाराला पोचले नाहीत: बँकेने ग्राहकाला काय लिहायचं?

प्रश्न : वकीलसाहेब, मी शिरपूरला एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत तक्रारींची उत्तरं लिहिण्याचं काम करते. आमच्या एका शेतकरी ग्राहकाने शनिवारी, 7 जून 2025 ला, कपाशीच्या बियाण्यासाठी 8,640 रुपये दुकानदाराच्या मोबाइल नंबरवर युपीआयने पाठवले. खात्यातून कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. आज 10 तारीख. रोज काउंटरवर येऊन विचारतो, "मना पैसा कथा गयात?" मी असं उत्तर लिहिलंय : "तांत्रिक कारणामुळे व्यवहार अयशस्वी झाला आहे. रक्कम 7 कामकाजाच्या दिवसांत परत येईल. अधिक माहितीसाठी दुकानदाराच्या बँकेशी संपर्क साधावा." मॅनेजर म्हणतात, कायद्यात बसतंय का ते आधी विचारून घ्या.

उत्तर : ताई, हे पत्र पाठवू नका. तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही बँकेला अडचणीत आणतील.

सगळ्यात मोठी चूक मुदतीची. 'सात कामकाजाचे दिवस' असा नियम युपीआयला नाही. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 ला परिपत्रक काढून अयशस्वी व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या आणि 15 ऑक्टोबर 2019 पासून त्या लागू आहेत. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, 2007 खाली काढलेलं हे परिपत्रक आहे, म्हणजे बँकेवर बंधनकारक. त्यात युपीआयसाठी दोन वेगळ्या मुदती आहेत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानाला व्यापारी म्हणून पैसे दिले आणि दुकानाकडे पैसे मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर पाच दिवस. दोन्हीकडे मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई.

हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे. रविवार, सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार काही वगळायचं नाही. रात्री पावणेबाराला पैसे पाठवले तरी व्यवहाराचा दिवस तोच.

आता तुमच्या ग्राहकाला कोणती मुदत? माणूस दुकानात उभा होता म्हणून व्यवहार आपोआप 'व्यापारी' ठरत नाही. खान्देशात गावोगावी कृषी केंद्रवाले स्वतःच्या मोबाइल नंबरवर किंवा बचत खात्याच्या क्यूआरवर पैसे घेतात, आणि सिस्टिममध्ये ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे म्हणून नोंदले जातात. तुमचं वर्णन त्याच प्रकारात बसतं. तरी अंदाजावर लिहू नका. आयटी विभागाकडून व्यवहाराची नोंद मागवा, तिथे पी-टू-पी, म्हणजे माणसाने माणसाला, आहे की पी-टू-एम, म्हणजे माणसाने व्यापाऱ्याला, ते पाहा. पी-टू-पी असेल तर मुदत रविवारी, 8 जूनलाच संपली. म्हणजे तुम्ही सात दिवस मागत होता तेव्हा भरपाई सुरू झाली होती.

आकडा मांडून बघा. समजा रक्कम 16 जूनला परत आली. पी-टू-पी असेल तर 8 तारखेनंतर आठ दिवस उशीर, भरपाई 800 रुपये. पी-टू-एम असेल तर मुदत 12 जूनपर्यंत, उशीर चार दिवस, भरपाई 400 रुपये. ग्राहकाने मागितली नाही तरी ती आपणहून खात्यात जमा करायची, असं परिपत्रक सांगतं. म्हणून "भरपाईसाठी अर्ज करावा" असंही कुठे लिहू नका.

दुसरी चूक 'अयशस्वी झाला आहे' आणि 'परत येईल' या शब्दांची. पैसे कापले गेले आणि समोरच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, की व्यवहार अधांतरी राहतो. मग ताळमेळ करताना दोनपैकी एक होतं: समोरची बँक रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा करते, नाहीतर परत पाठवते. तुम्ही 'परत येईल' असं लेखी दिलंत आणि मधल्या काळात दुकानदाराला पैसे मिळाले, तर शेतकरी तुमचं पत्र दाखवून पैसे मागेल. त्यात त्याची चूक नसेल. कधी कधी व्यवहार सरळ अयशस्वी ठरलेला असतो आणि परतीचा संदेशही येऊन गेलेला असतो, फक्त तुमच्याच बँकेने तो खात्यात उतरवलेला नसतो. म्हणून बाहेर बोट दाखवण्याआधी आपल्या घरातलं तपासा.

तिसरं वाक्य तर काढूनच टाका. दुकानदाराच्या बँकेत या शेतकऱ्याचं खातं नाही, तिथे त्याला कोण उभं करणार? तक्रार तुमच्याकडे आली आहे. ती युपीआयच्या तक्रार व्यवस्थेत नोंदवायची आणि पाठपुरावा करायचा, हे तुमच्या बँकेचं काम.

नोंद पी-टू-पी निघाली तर पत्र असं लिहा. कंसातल्या जागा नोंद पाहूनच भरा :

"आपण 7 जून 2025 रोजी पाठवलेले 8,640 रुपये आपल्या खात्यातून वजा झाले आहेत. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक (…). समोरच्या बँकेकडून रक्कम जमा झाल्याची खात्री अद्याप मिळालेली नाही. ही रक्कम एकतर दुकानदाराच्या खात्यात जमा होईल किंवा आपल्या खात्यात परत येईल. यापैकी काय झाले ते आम्ही आपल्याला लेखी कळवू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परतीची मुदत 8 जून 2025 ला संपली असून, रक्कम परत येईपर्यंत उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई आपल्या खात्यात जमा केली जाईल. त्यासाठी अर्जाची गरज नाही. आपली तक्रार (…) क्रमांकाने नोंदवली आहे. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर आपण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करू शकता."

मॅनेजर लोकपालाचं वाक्य काढायला सांगतील. राहू द्या. तक्रारीची वाट ग्राहकाला आपणच दाखवली होती, हे पुढे बँकेच्याच बाजूने बोलेल.

एक गोष्ट मात्र पत्र देण्याआधी पक्की करा: त्याने नंबर बरोबर टाकला होता ना? चुकीच्या नंबरवर पैसे गेले आणि तिथे जमा झाले, तर तो अयशस्वी व्यवहार ठरत नाही. त्याला ना ही मुदत लागू, ना 100 रुपये. त्याची तक्रार वेगळ्या प्रकाराने नोंदवावी लागते.

आणि काउंटरवर त्याला तोंडी दोन गोष्टी सांगा, कारण पेरणी पत्रासाठी थांबणार नाही. बारा अंकी क्रमांक कागदावर लिहून द्या आणि दुकानदाराला मोबाइलवरच्या मेसेजवर न जाता खात्याच्या उताऱ्यात तो क्रमांक शोधायला सांगा. बियाणं आजच हवं असेल आणि तो पुन्हा पैसे देणार असेल, तर बिलावर दुकानदाराकडून लिहून घ्यावं : "7 जूनचे 8,640 रुपये नंतर जमा झाल्यास परत करीन," खाली सही आणि तारीख.