‘जगणं’ कोणत्या तारखेपासून मोजायचं?

«काका, गडचिरोलीकडच्या आमच्या उपकेंद्रासाठी कॅन्सर तपासणीवरच्या एका इंग्रजी पेपराचा सारांश मराठीत लिहीत आहे. ‘शिबिरात निदान झालेले जास्त वर्षं जगले’ या निष्कर्षासाठी ‘तपासणीनं आयुष्य वाढलं’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘लीड-टाइम बायस’, ‘लेंग्थ बायस’ला मराठीत काय म्हणू? लांबीचा पूर्वग्रह?»

ताई, ‘पूर्वग्रह’ नको. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो, हा दोष मोजण्याच्या रीतीत आहे. मी ‘झुकाव’ म्हणतो. आणि ‘लांबी’ तर मुळीच नको. तिथली ‘लेंग्थ’ म्हणजे आजार शरीरात लक्षणं न दाखवता किती काळ बसून असतो तो कालावधी. वाचणाऱ्याला गाठीची लांबी वाटायची!

‘आयुष्य वाढलं’ मात्र लिहू नका. पेपरातलं ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे निदानाच्या तारखेपासून मृत्यूपर्यंतचा काळ. समजा, खर्रा खाणाऱ्या एखाद्याला साठाव्या वर्षी गिळताना दुखू लागलं, तेव्हा तोंडाचा कॅन्सर कळला आणि त्रेसष्टाव्या वर्षी तो गेला. निदानानंतर तीन वर्षं. आता तोच माणूस सत्तावन्नाव्या वर्षी शिबिरात तोंड दाखवून गेला, कॅन्सर तेव्हाच कळला, पण उपचारानं काही फरक पडला नाही आणि तो त्रेसष्टाव्याच वर्षी गेला. निदानानंतर सहा वर्षं! अशी शंभर माणसं धरली तर ‘पाच वर्षं जगलेले’ शून्यावरून शंभर टक्क्यांवर जातात आणि एकाचंही आयुष्य दिवसानं वाढलेलं नसतं. आधी कळल्याची ही तीन वर्षं म्हणजे ‘लीड टाइम’. त्याला ‘आगाऊ काळ’ म्हणा, म्हणजे दोष झाला ‘आगाऊ काळाचा झुकाव’.

दुसरा झुकाव जास्त लबाड आहे. एसटी स्टँडवर मधूनमधून डोकावलं तर अर्धा तास थांबणाऱ्या गाड्याच जास्त दिसतात. दोन मिनिटांत निघणारी गाडी क्वचितच नजरेला पडते. दोन वर्षांनी एकदा होणाऱ्या शिबिराचंही तसंच. हळू वाढणारा कॅन्सर बराच काळ गुपचूप असतो, म्हणून तो शिबिरात सापडतो. झपाट्यानं वाढणारा दोन शिबिरांच्या मध्येच लक्षणं दाखवतो आणि रुग्ण थेट दवाखान्यात येतो. म्हणजे शिबिरातल्या गटात मुळातच सौम्य आजार जास्त गोळा होतात. याला मी ‘कालावधीचा झुकाव’ म्हणेन. काही लेखक अंदाजे आगाऊ काळ वजा करून आकडे ‘दुरुस्त’ करतात. त्यानं पहिला झुकाव कमी होईल, दुसरा तिथेच राहतो. म्हणून दोन शिबिरांच्या मधे सापडलेले रुग्ण कोणत्या गटात मोजलेत, ते पेपरात आधी शोधा. त्यांना ‘तपासणी न झालेल्यां’त ढकललं असेल तर तुलना तिथेच बिघडली.

अमेरिकेत 1971 साली सुरू झालेला ‘मेयो लंग प्रोजेक्ट’ बघा. धूम्रपान करणाऱ्या नऊ हजारांवर पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचा दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. फुप्फुसाचा कॅन्सर निघालेल्यांपैकी पाच वर्षं जगलेले पहिल्या गटात साधारण दुप्पट. पण फुप्फुसाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू दर हजार व्यक्ती-वर्षांमागे, म्हणजे हजार माणसांवर एक वर्ष नजर ठेवली तर, तपासलेल्यांत 3.2, दुसऱ्यांत 3.0. म्हणजे फायदा दिसलाच नाही. कॅन्सर मात्र तपासलेल्यांत जास्त निघाले, 206 विरुद्ध 160, आणि आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी. तपासणीनं आजार खरोखर लवकर पकडून थोपवला असता तर पुढच्या टप्प्यातले रुग्ण घटायला हवे होते. ही खूण तुमच्या पेपरातही तपासा.

उलट उदाहरण आपल्या शेजारचं, मराठवाड्यातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात गावांचे गट पाडले आणि एचपीव्ही या त्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूच्या तपासणीच्या गटात त्या कॅन्सरनं झालेले मृत्यू 34, तपासणी न दिलेल्या गटात 64 मोजले, तेही तपासणी गटात बायका थोड्या जास्त असताना. इथे निदानाच्या तारखेला काही काम नाही. गट पडले त्या दिवसापासून मोजणी, आणि बोलावूनही न आलेल्या बायकाही छेदात धरल्या. म्हणून दोन्ही झुकाव शिरायला वाट नाही.

तेव्हा पेपरात मृत्यूदर दिलाच नसेल, तर सारांशात एवढंच लिहा: ‘शिबिरात निदान झालेल्यांमध्ये निदानानंतरचा काळ जास्त दिसला, मृत्यू कमी झाले का, हे या अभ्यासातून कळत नाही.’