फॉरवर्ड प्रीमियम १ रुपया ९३ पैसे की ४७ पैसे?

प्रश्न: बुटीबोरीत छोटं युनिट आहे, डॉलर ९० दिवसांनी येणार. स्पॉट म्हणजे आजचा भाव ८४.००, व्याज इथं ६.८%, अमेरिकेत ४.४%. ९० दिवसांनंतरचा आज ठरवायचा फॉरवर्ड भाव स्पॉटपेक्षा जितका जास्त, तो प्रीमियम माझा १ रुपया ९३ पैसे येतो, बँक ४७ पैसे म्हणते. कोण चुकतंय?

उत्तर: तुम्हीच. ८४ × १.०६८ ÷ १.०४४ केलंत, म्हणजे वर्षाचं व्याज धरलंत. डॉलर तर तीन महिन्यांनीच येणार आहेत.

आधी व्याज ९० दिवसांवर आणा. रुपयाला वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून ६.८% × ९०/३६५ = १.६७६७%. डॉलरला ३६० दिवसांचं, म्हणून ४.४% × ९०/३६० = १.१%. आता

८४ × १.०१६७६७ ÷ १.०११ = ८४.४७९

प्रीमियम सुमारे ४८ पैसे, वर्षाच्या हिशेबानं २.३१%. नुसती २.४% ची वजाबाकी केली असती तर ५० पैसे आले असते. ते दोन पैसे मुख्यतः ३६०-३६५ च्या भानगडीतले.

उरलेला एक पैसा? तुम्ही डॉलर विकणार, म्हणून बँक तिचा खरेदीचा भाव देते. त्यावर भांडू नका. पण कोट ४० पैशांच्या खाली आला, तर रामदासपेठेतल्या दुसऱ्या बँकेत जरूर विचारा.