स्विचबोर्डात उघडा चार्जर की आयसोलेटेड मॉड्यूल?

प्रश्न: स्विचबोर्डाच्या आत ईएसपी३२ आणि चार रिलेचं बोर्ड बसवतोय. घरात जुना मोबाइल चार्जर पडून आहे. त्याचं कव्हर काढून आतला सर्किट बोर्ड टेप गुंडाळून ठेवला तर चालेल ना? सगळे म्हणतात आयसोलेटेड मॉड्यूलच घ्या, पण ५ व्होल्ट तर दोन्हींकडून तेच मिळतात. मग फरक काय?

उत्तर:

५ व्होल्ट तेच मिळतात, हे खरं. पण या निर्णयात आउटपुटला फारसं महत्त्व नाही. २३० व्होल्टची बाजू आणि तुम्ही बोट लावणार ती ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये नेमकं काय उभं आहे, हे बघायचं असतं. चार्जरमध्ये त्या भिंतीचा अर्धा भाग म्हणजे त्याचं प्लास्टिकचं कव्हर, आणि नेमकं तेच तुम्ही काढून टाकणार आहात.

बऱ्याचशा चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे तेही आयसोलेटेडच असतात. पण त्यांची रचना एका गृहीतकावर उभी असते: बोर्ड बंद डब्यात राहील, त्याला कोणी हात लावणार नाही, आणि तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मोकळ्या हवेत असेल. म्हणून आत फेजचे सोल्डर केलेले टोक उघडे असतात, रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट डीसीवर चार्ज असतो, आणि त्याच्याही पायांवर काही झाकलेलं नसतं. स्वस्त चार्जरमध्ये तर मेन्सच्या आणि आउटपुटच्या ट्रॅकमध्ये एखाद-दोन मिलिमीटरचंच अंतर सापडतं. दोन्ही बाजूंना जोडणारा जो छोटा कपॅसिटर असतो, तो वाय वर्गाचा हवा. हा वर्ग अशा तऱ्हेने बनवतात की बिघडला तर आतला जोड तुटावा, शॉर्ट होऊ नये. त्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर असला आणि तो शॉर्ट झाला, तर तुमच्या ५ व्होल्टच्या मायनसवर थेट मेन्स येतं. बाहेरून काहीच कळत नाही, ईएसपी३२ आपलं नेहमीसारखं चालू राहतं.

टेपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळे तिच्यावरच भरवसा ठेवतात. मी उघडलेल्या एका बोर्डात असाच टेप गुंडाळलेला चार्जर होता. उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकली होती, आणि सोल्डरचं एक टोक शेजारच्या स्विचच्या स्क्रूला टेकायला आलं होतं. टेप वायरचा जोड झाकण्यासाठी ठीक. पण टोकदार सोल्डर असलेला बोर्ड, वर्षानुवर्षं, गरम डब्यात तिच्या भरवशावर सोडणं बरोबर नाही.

आता मॉड्यूल. हाय-लिंकचा एचएलके-पीएम०१ किंवा मीनवेलची आयआरएम मालिका घ्या. हे मॉड्यूल आतून रेझिन भरून पूर्ण बंद केलेले असतात. पीएम०१ साधारण ३४ × २० × १५ मिलिमीटरचा असतो, एका टोकाला एसीच्या दोन पिना, दुसऱ्या टोकाला डीसीच्या, मध्ये जवळपास ३ सेंटीमीटर अंतर. इनपुट आणि आउटपुट यांच्यात ३००० व्होल्ट एसी सहन होईल असं आयसोलेशन कंपनीने दिलेलं असतं. मेन्सचा उघडा भाग म्हणजे फक्त त्या दोन पिना. तेवढ्या नीट सांभाळल्या की काम झालं. चार्जरच्या बोर्डात नेमकं कुठं-कुठं काय सांभाळायचं, हेच आधी शोधत बसावं लागतं.

पण कोणता मॉड्यूल, हे तुमच्या लोडवरून ठरवा. पीएम०१ ३ वॅटचा आहे, ६०० मिलिअँपिअर देतो. तुमच्या बोर्डावर नेहमीचे निळे ५ व्होल्टचे रिले असतील, तर एकेका कॉइलचा रेझिस्टन्स ७० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येकी साधारण ७१ मिलिअँपिअर. चारही चालू असले की २८५. रिले बोर्डावरचे एलईडी आणि ऑप्टोकपलर धरून आणखी वीसेक. ईएसपी३२ एरवी शंभराच्या आसपास घेतो, पण वाय-फायवर पाठवताना क्षणभर २४० किंवा त्याहून वर जातो. बेरीज साडेपाचशेच्या घरात गेली. ६०० मध्ये बसतंय असं कागदावर दिसतं, तरी मी इथे ३ वॅटचा घेणार नाही. ५ वॅटचा घ्या, एचएलके-५एम०५ किंवा आयआरएम-०५-५, दोन्ही १ अँपिअर देतात.

अपुरा पडतोय हे कसं ओळखायचं? चौथा रिले चालू होताना वाय-फाय तुटतं किंवा बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. सिरियल मॉनिटर लावला तर तिथे `Brownout detector was triggered` असं दिसतं. ईएसपी३२च्या ५ व्होल्ट पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने क्षणिक उसळी सावरते, पण मुळात कमी असलेला मॉड्यूल त्याने मोठा होत नाही.

५ वॅट घेण्यामागे उष्णतेचंही कारण आहे. चार कॉइल मिळून १.४ वॅट, ईएसपी३२ अर्धा वॅट, म्हणजे आउटपुटवर जवळपास २ वॅट. मॉड्यूलची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर आणखी पाऊण वॅट तो स्वतः खातो. हे पावणेतीन वॅट सगळेच्या सगळे त्या बंद डब्यात उष्णता म्हणून राहतात, हवा खेळायला जागा नसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून मॉड्यूलला कमाल मर्यादेच्या निम्म्या भारावर चालवणं मला योग्य वाटतं. त्याच डब्यात पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर असेल तर मॉड्यूल त्याला चिकटून बसवू नका.

मॉड्यूल हा सुटा भाग आहे, तयार वस्तू नव्हे. त्याच्या पिनांना थेट वायरी सोल्डर करून तो डब्यात लोंबकळत सोडला, तर चार्जरपेक्षा फार काही सुधारलं असं नाही. छोट्या पीसीबीवर बसवा, मेन्स स्क्रू टर्मिनलमधून आणा. ठिपक्यांची पीसीबी वापरत असाल तर एक गोष्ट जरूर करा: मॉड्यूलच्या खाली, एसी आणि डीसी पिनांच्या मध्ये, तांब्याच्या ठिपक्यांच्या तीन ओळी खरवडून काढा. त्या बोर्डावर भोकं २.५४ मिलिमीटरवर असतात आणि दोन ठिपक्यांमधली मोकळी जागा एक मिलिमीटरही नसते. तीन ओळी गेल्या की सलग ८ मिलिमीटरची कोरी पट्टी मिळते, आणि मेन्स ते लो व्होल्टेज एवढं अंतर पुरेसं आहे.

इनपुटला फेजच्या वायरीत १ अँपिअर, २५० व्होल्टचा स्लो-ब्लो फ्यूज घाला आणि त्याच्यानंतर फेज-न्यूट्रलमध्ये व्होल्टेजची उसळी शोषून घेणारा, १०डी५६१के क्रमांकाचा एमओव्ही. क्रम असाच हवा, म्हणजे एमओव्ही शॉर्ट झाला तर फ्यूज जाईल. घरचा एमसीबी आहेच की, असं म्हणून फ्यूज टाळू नका. आतल्या बिघाडामुळे २ अँपिअर ओढले जात असतील तर त्या छोट्या जागेत साडेचारशे वॅट जळत असतात, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला ते नेहमीचा लोड वाटतं.

खरेदी करताना एक सापळा आहे. तशाच आकाराचे, ‘२३० ते ५ व्होल्ट’ लिहिलेले उघडे बोर्ड मिळतात, ज्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, नुसती छोटी कॉइल असते. ते आयसोलेटेड नसतात. त्यांचा मायनस न्यूट्रलला जोडलेला असतो, आणि फेज-न्यूट्रल उलटे झाले तर तोच मायनस फेज होतो. प्रोग्राम टाकायला लॅपटॉपची यूएसबी लावली की काय होईल याचा विचार करा. ओळखायला मॉड्यूल कशालाही न जोडता मल्टीमीटर २० मेगाओहमवर ठेवा आणि प्रत्येक इनपुट पिन ते प्रत्येक आउटपुट पिन असं तपासा. आयसोलेटेड असेल तर चारही वेळा ओव्हरलोड दिसेल. कुठेही आकडा आला तर तो बोर्ड या कामाचा नाही. अर्थात मल्टीमीटर फक्त थेट जोड नाही एवढंच सांगतो. ३००० व्होल्ट टिकतील याची खात्री त्यातून होत नाही, ती चांगल्या कंपनीच्या मॉड्यूलवरच सोडावी लागते.

(मॉड्यूल चालू असताना डीसी मायनस आणि अर्थमध्ये एसी व्होल्टेज मोजलंत तर शंभराच्या आसपास आकडा दिसू शकतो. तो वाय कपॅसिटरमधून येतो. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्टला ५० हर्ट्झवर फार तर ०.१६ मिलिअँपिअर वाहतात. मॉड्यूल बिघडलाय असं समजून बदलू नका.)

मॉड्यूल उत्तम असूनही आयसोलेशन एका वायरीने वाया जातं, आणि स्विचबोर्डात हेच सगळ्यात जास्त होतं. भिंतीवरचे जुने स्विच तुम्ही ईएसपी३२च्या पिनांना जोडणार असाल, तर त्या स्विचवर आधीच्या फेजची एकही लूप राहता कामा नये. बरेचदा सगळ्या स्विचना एकच फेज फिरवलेली असते आणि एखाद्या स्विचवरची लूप काढायची राहते. कव्हर लावण्याआधी, मेन बंद ठेवून, डीसी मायनस आणि फेज, डीसी मायनस आणि न्यूट्रल अशी कंटिन्युटी पुन्हा एकदा बघा, या वेळी पूर्ण जोडणी झाल्यावर आणि प्रत्येक स्विच चालू-बंद करून. लो व्होल्टेजच्या वायरी मेन्सच्या टर्मिनलवरून नेऊ नका. न्यावीच लागली तर वरून स्लीव्ह घाला, कारण रिबन केबलचं पातळ इन्सुलेशन २३० व्होल्टसाठी बनवलेलं नसतं.

तुमच्या डब्यात न्यूट्रल आहे का, ते आधी वायरमनकडून पाहून घ्या. नुसती फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असेल तर मॉड्यूलला पुरवठाच मिळणार नाही. तेव्हा अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून उपयोग करायचा नाही. अर्थची वायर कुठे सुटली तर त्या अर्थला जोडलेली सगळी धातूची आवरणं मॉड्यूलमधून फेजला जोडली जातात. न्यूट्रल ओढून घेणं शक्य नसेल, तर तुमचा जुना चार्जर कव्हर न काढता जवळच्या सॉकेटमध्ये लावा आणि फक्त ५ व्होल्टची वायर, मेन्सच्या वायरींपासून वेगळ्या पाइपमधून, बोर्डापर्यंत आणा.