फोटोतली मधली गाठ

हर्णैच्या जेटीवरचा तुझा फोटो पाहिला. डावीकडे खुंटाला अडकवलेला न सरकणारा फास म्हणजे बोलाइन. होडी बांधायला हाच, ताण सुटला की सहज सुटतो. मधली गाठ मात्र झूम करून बघ. एकाच दोराची दोन्ही पदरं समोरच्या वेढ्यातून एकाच बाजूने, जोडीने बाहेर आली असती तर ती रीफ नॉट. इथे एक पदर वरून, दुसरा खालून गेलाय, टोकं आडवी फाकलीत. ही ग्रॅनी, कधी सरकेल नेम नाही. रीफही गुंडाळलेलं शीड बांधण्यापुरतीच. जाड-बारीक दोर जोडायला शीट बेंड घाल: जाडाचा वेढा, बारीक त्यातून वर, मागून फिरवून स्वतःखाली दाबायचा.