वारशाचे 24 लाख एकदम गुंतवू की थोडे थोडे?

प्रश्न: बाबांच्या पश्चात दादरची खोली विकून माझ्या वाट्याला 24 लाख आलेत, इंडेक्स फंडात एकदम टाकू की हप्त्याने?

उत्तर: पैसे दहाएक वर्षं लागणार नसतील तर हिशेबाने एकदम टाकणंच बरं, पण लगेच 30 टक्के पडलं तर तुम्ही घाबरून विकाल असं वाटत असेल तर 12 महिन्यांचा एसटीपी लावा, म्हणजे सगळे पैसे कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप इंडेक्स फंडात वळवा. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचा जुना डेटा तपासला तेव्हा साधारण तीनातल्या दोन वेळा एकरकमी पुढे निघाली, कारण बाजार पडण्यापेक्षा जास्त वेळा चढतो आणि थांबलेला पैसा मागे राहतो. तुमचंच बघा, आज 2 लाख आणि मग दर महिन्याला 2 लाख, म्हणजे वर्षभर सरासरी 11 लाख लिक्विड फंडात थांबणार, इक्विटीने 12 आणि लिक्विडने 6 टक्के दिले असं धरलं तर साधारण 66 हजार कमी मिळतील. उलट पहिल्याच महिन्यात 30 टक्के पडलं तर एकरकमीत कागदावर 7.20 लाख जातात, एसटीपीत फक्त 60 हजार. म्हणजे ते 66 हजार हा विम्याचा हप्ता समजा. एसटीपी एकाच फंड हाऊसच्या दोन स्कीममध्येच चालतो, त्यामुळे लिक्विड फंड त्यांचाच घ्या. मात्र हे संरक्षण वर्षभराचंच, तेराव्या महिन्यात बाजार कोसळला तर सगळे 24 लाख आतच असतील, आणि मध्येच घसरण बघून एसटीपी बंद केलात तर स्वस्तातले हप्तेच हुकतील.